शेळी कॅमेऱ्याकडे का बघते

एका लघुपटातला एक शॉट बरेच दिवस डोक्यातून जात नाही. अंगणात नऊ-दहा वर्षांची मुलगी शेळीच्या गळ्यात हात टाकून बसली आहे. उद्या शेळी बाजारात जाणार आहे आणि ते फक्त मुलीलाच कळलं आहे. उजेड छान आहे, मुलगी खरंच छान रडते आहे. शेळी मात्र मान ताठ करून, दोन्ही कान पुढे रोखून पडद्याच्या डाव्या कडेकडे टक लावून बघते आहे. तिकडे कुणीतरी प्लास्टिकची पिशवी चुरचुरवतंय हे आवाज न ऐकताही समजतं. मग आपणही तिकडेच बघायला लागतो, आणि मुलगी बिचारी एकटीच रडत राहते.

असे शॉट गावाकडच्या लघुपटांत वारंवार दिसतात. दिग्दर्शकाला ते एडिटच्या टेबलावरच कळतं, कारण सेटवर सगळ्यांचं लक्ष मुलीकडे असतं. शेळी हलली नाही, ओरडली नाही, पळाली नाही, एवढ्यावरच सगळे खूश असतात. पण प्रेक्षक कुणाच्या नजरेमागे जायचं हे विचारून ठरवत नाही. जी नजर जास्त जिवंत, तिच्यामागे तो जातो. उत्सुक शेळीच्या नजरेपुढे नट-नट्यांची नजर फिकी पडते.

शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, हे जवळ बसून पाहिलेल्यांना माहीत आहे. त्या आडव्या फटीमुळे आणि डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळवता तिला जवळपास चहूकडचं दिसतं. फक्त पाठीमागची एक चिंचोळी पट्टी सुटते. म्हणजे खाऊ घेऊन कॅमेऱ्याच्या मागे दडलेला माणूस आपल्याला दडलेला वाटतो, तिला नाही. रिफ्लेक्टर धरलेला पोरगा पाय बदलतो तेही तिला दिसतं. त्यामुळे "सगळे लपा रे" म्हणण्यात अर्थ नाही. उलट विचार करावा लागतो: गोष्टीला तिची नजर कुठे हवी आहे, आणि तिला बघावंसं वाटेल असं नेमकं तिथे काय ठेवता येईल?

मिठी मारून रडण्याच्या प्रसंगात खाऊ मुलीच्या हातात देऊन चालत नाही. शेळी हातावर तुटून पडते आणि प्रसंग विनोदी होतो. त्यासाठी दोन रस्ते आहेत. पहिला, तिच्याच कळपातली दुसरी शेळी मुलीच्या पलीकडे, त्याच रेषेत, चौकटीबाहेर बांधायची. शेळी कळपातला जीव. एकटी पडली की बावरते, सारखी ओरडते. ओळखीची सोबतीण दिसली की शांत होते आणि नजरही तिकडे ठेवते. दुसरा रस्ता याहून सोपा, पण त्यासाठी घड्याळ बाजूला ठेवून शेळीचं पोट बघावं लागतं.

शेळी सकाळी चरते आणि ऊन चढलं की सावलीला बसून रवंथ करते. रवंथ करणारी शेळी कुठेच बघत नाही. डोळे अर्धे मिटलेले, जबडा संथ फिरतोय, मधेच घशातून एक गोळा वर येताना दिसतो. त्या वेळी मुलीने गळ्यात हात टाकला तर ती हलत नाही, आणि प्रेक्षकाला वाटतं, हिला सगळं समजतंय. समजत काहीच नसतं, पोट भरलेलं असतं. त्या तृप्तीला आपण सहवास म्हणतो, कधी दुःखही म्हणतो. यात थोडी फसवणूक आहे खरी, पण शेळीला कसलाच त्रास नसल्यामुळे ती चालवून घ्यायला हरकत नाही.

रवंथ हाच सेटवरचा सगळ्यात भरवशाचा काटा आहे. घाबरलेली शेळी रवंथ थांबवते. कान मागे जातात, सारखी लघवी होते, तोंड उघडं ठेवून धापा टाकते. चहाच्या सुट्टीत ती पुन्हा रवंथाला लागली तर पुढचा शॉट लावावा. नसेल लागली तर काहीतरी बिनसलंय, आणि ते काय हे सांगणारा माणूस एकच असतो.

तो माणूस म्हणजे तिची मालकीण. मोठ्या सिनेमांना जनावरं पुरवणारे असतात, त्यांची शिकवलेली कुत्री, घोडे असतात. लघुपटाच्या बजेटात ते बसत नाही, आणि शेळीच्या बाबतीत त्याची गरजही नाही. शहरातून टेम्पोत घालून आणलेली परकी शेळी पहिले दोन दिवस नुसती भांबावलेली असते. त्याच गावातली, त्याच वाड्यातली शेळी घ्यावी आणि तिला रोज चारणाऱ्या मावशीला हँडलर नेमावं. नेमावं म्हणजे रीतसर: रोजचा पगार ठरवून, शेळीच्या भाड्याहून वेगळा. कारण एकदा भाड्यातच सगळं आलं की मावशी कडेला उभी राहते, आणि सहायक दिग्दर्शक दावं हातात घेतो. तिथून सगळं बिघडतं.

तो शेळीच्या पुढे उभा राहतो, तिच्या डोळ्यांत बघतो आणि ओढतो. शेळी चारी खुरं रोवते. मग तो जास्त ओढतो. मावशी लांबूनच म्हणते, "वढू नका सायेब. तुमी म्होरं हुबं ऱ्हायलाव, ती कशी यील?" आणि येऊन शेळीच्या खांद्याशी, बाजूला उभी राहते, दावं सैल सोडते, तिच्याकडे न बघता चालायला लागते. शेळी निघते. समोरून रोखलेली नजर आणि गळ्याला ताण, दोन्ही तिच्या लेखी संकटच. ज्या मुलीला पडद्यावर शेळी न्यायची आहे तिला हेच शिकवावं लागतं, आणि त्यासाठी चित्रीकरणाआधी आठवडाभर रोज संध्याकाळी तासभर तरी तिने मावशीबरोबर रानात गेलं पाहिजे. हा खर्च वाचवला तर तो चित्रीकरणाच्या दिवशी दुपटीने भरावा लागतो.

आता एक प्रसंग नीट मांडून बघू. मराठवाड्यातलं गाव, उस्मानाबादी शेळी. मुलगी पहाटे शेळीला बाजारात न्यायला निघते. वाड्याच्या दारात शेळी थांबते, मागे वळून खुंटीला बांधलेल्या आपल्या करडाकडे बघते आणि मग बाहेर पडते. कागदावर तीन वाक्यं. प्रत्यक्षात यात तीन वेगळी कामं आहेत: ठरल्या जागी थांबणं, मागे बघणं, पुन्हा निघणं. एका दमात तिन्ही मागितली तर एकही मिळत नाही.

थांबण्याची जागा गोणपाटाने शिकवता येते. घरीच, चित्रीकरणाच्या आठ-दहा दिवस आधी, मावशीने एक अख्खं गोणपाट अंगणात अंथरायचं आणि शेळीला खाऊ फक्त त्यावर उभी असताना द्यायचा. पुढचे दोन पाय गोणपाटावर आले की शेंग, उतरले की काही नाही. दोन दिवसांत ती गोणपाट दिसलं की आपण होऊन त्यावर जाऊन उभी राहते. मग ते घडी घालून अर्धं करायचं, पुढे पाव, शेवटी पाटाएवढा तुकडा. शेवटचे दोन दिवस तो तुकडा नेमका दाराच्या उंबऱ्यापाशी ठेवायचा आणि वर माती भुरभुरवायची. कॅमेऱ्याला माती दिसते, शेळीच्या खुराला गोणपाट लागतं. घाई करून पहिल्याच दिवशी छोटा तुकडा ठेवला तर तिला कशाबद्दल खाऊ मिळतोय हेच उमगत नाही, आणि ती माणसाच्या खिशामागे लागते. खिशामागे लागलेली शेळी चित्रीकरणाला निरुपयोगी.

खाऊ कुठला यावर बरंच अवलंबून असतं. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगांसारखं दुसरं काही नाही. एरवी शेवरीचा किंवा बोरीचा डहाळा. एका टेकला एक शेंग, मूठभर नाही. पोट भरलं की कामातला रस संपतो. शेंगा कापडी पिशवीत ठेवाव्यात, प्लास्टिकच्या नाही. का ते वर आलंच आहे. आणि खाऊ घालणारा हात एकच, मावशीचा. हा नियम पाळायला सगळ्यात अवघड, कारण युनिटमधल्या प्रत्येकाला शेळीवर माया दाखवायची असते. कुणी बिस्किटं देतं, कुणी पाव, कुणी उरलेला भात, कुणी मेकअपच्या टेबलाखाली ज्वारीची पाटीच ठेवतं. धान्य आणि पिठाचे पदार्थ एकदम पोटात गेले की ते भराभर आंबतात, आम्ल वाढतं आणि पोटाचं काम थांबतं. डावी कूस फुगते, शेळी सारखी उठबस करते, दात खाते, मागच्या पायाने पोटाला लाथ मारते. त्या वेळी चित्रीकरण बंद करून पशुवैद्यकाला बोलवायचं. जवळच्या डॉक्टरांचा नंबर आणि फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा १९६२ हा नंबर कॉलशीटवर अॅम्ब्युलन्सच्या नंबरखालीच छापलेला असावा.

मागे वळून बघण्याचा भाग सगळ्यात नाजूक. शेळी आपल्या करडाचा आवाज ओळखते आणि त्याला दाद देते, म्हणून करडू खरोखर मागे असेल तर काम होतं. पण करडू नेमकं हवं तेव्हा ओरडत नाही. मग कुणाच्या तरी मनात येतं, त्याला जरा चिमटा काढू. हे करायचं नाही, आणि जो सुचवेल त्याला सेटवरून लांबचं काम द्यायचं. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी, शेरडं रानातून परतताना करडं आयांसाठी कालवा करतात तेव्हा, ध्वनिमुद्रकाने याच करडाचा आवाज जवळून घ्यावा. दुसऱ्या दिवशी खुंटीपाशी ठेवलेल्या छोट्या स्पीकरवरून तो वाजवायचा. पहिल्यांदा ऐकून शेळी झटकन वळते, कान, मान, डोळे, सगळं एकदम. तिसऱ्या-चौथ्या वेळी नुसता कान हलतो. पाचव्यांदा तोही नाही. म्हणून तालमीत हा आवाज एकदाही वाजवायचा नाही. फोकस ओढणाऱ्याने मावशीला शेळीच्या जागी उभी करून सराव करावा, आणि खऱ्या शेळीसाठी पहिल्या टेकपासून कॅमेरा चालू असावा. करडाला त्या काळात आईपासून दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त तोडायचं नाही. मधे सोडायचं, पिऊ द्यायचं. दूध तटलेली शेळी बेचैन होते आणि तिचं मागे बघणं मग अभिनय राहत नाही.

बाहेर निघण्यासाठी कळप कामाला येतो. दाराबाहेर, वळणापलीकडे दोन सोबतिणी उभ्या करायच्या. मुलीने दावं सैल सोडलं की शेळी त्यांच्याकडे आपण होऊन जाते.

क्रम असा लावावा की दोघींचा मोठा शॉट आधी, सूर्य उगवता उगवता, शेळी रानात जायच्या आधी. त्या दिवशी चरायला तासभर उशीर होतो एवढंच. उपाशी ठेवणं वेगळं, आणि पाणी तर कधीच तोडायचं नाही. मोठा शॉट मिळाला की शेळी मोकळी. मुलीचा क्लोजअप शेळीशिवाय घेता येतो: चौकटीखाली बसलेला सहायक दावं हलके ओढतो, मुलगी त्या ओढीला प्रतिसाद देते. प्रत्येक टेकनंतर शेळीला परत सुरुवातीच्या जागी नेताना त्याच वाटेने उलटं नेऊ नये. तसं केलं की तिसऱ्या वेळी ती निम्म्यावरूनच मागे वळते, तिच्या मते खेळ तसाच आहे. वाड्याला वळसा घालून आणावं. आणि "अॅक्शन" हा शब्द दोन टेकमध्ये तिच्या पक्का लक्षात येतो. तिसऱ्या वेळी दिग्दर्शकाचं तोंड उघडायच्या आत ती निघालेली असते. हाताची खूण बरी. क्लॅपही सुरुवातीला नको, शॉटच्या शेवटी बोर्ड उलटा धरून वाजवावा. बूमवरचं केसाळ कव्हर शेळीला एखादं जनावरच वाटतं. आदल्या दिवशी ते तिला हुंगू दिलं तर पंधरा मिनिटांत त्याची भीती जाते.

सुरक्षेचं बोलताना सगळे शिंगांकडे बघतात. शिंगांपेक्षा दावं जास्त धोक्याचं. मुलं सवयीने दावं मनगटाला गुंडाळतात. शेळी उसळली की हात सोलवटतो किंवा मूल फरफटत जातं. दावं मुठीत धरायचं, सोडलं की सुटलं पाहिजे, हे मुलीला आणि तिच्या आईला दोघींना दाखवायचं. मूल आणि भिंत यांच्या फटीत शेळी येऊ द्यायची नाही. बोकड मुलांसोबत घेऊच नये. माजावरचा बोकड धडक मारतो आणि त्याचा वास पोशाखाला लागला की जात नाही. शहाबादी फरशीवर किंवा गुळगुळीत कोब्यावर खुरं घसरतात, तिथे चौकटीत दिसणार नाही अशी चटई हवी. दाराबाहेरच्या गल्लीच्या दोन्ही तोंडांना एकेक माणूस, गाड्यांसाठी नव्हे तर कुत्र्यांसाठी. गावातली कुत्री ओळखीच्या शेळीला काही करत नाहीत, पण एवढी अनोळखी माणसं, दिवे, वायरी बघून तीही बिथरलेली असतात. आणि एक माणूस असा, ज्याला दुसरं कुठलंच काम नाही. त्याने नुसतं शेळी आणि मुलीकडे बघायचं आणि खटकलं की "कट" म्हणायचं. हा अधिकार त्याला सगळ्यांसमोर दिलेला असावा, नाहीतर तो संकोचतो.

पर्यायी बेत म्हटला की लोक एक जादा शेळी सांगतात आणि थांबतात. जादा शेळी हवीच, आणि इथे उस्मानाबादी जात मदतीला येते. बहुतेक शेळ्या पूर्ण काळ्या, त्यामुळे जोडीदार सापडणं सोपं. ठिपक्यांची, पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची देखणी शेळी निवडण्याचा मोह होतो, पण तिचा ठिपका दुसऱ्या कुणाच्या अंगावर त्याच जागी नसतो. काळ्या रंगाची किंमत एवढीच की दुपारच्या उन्हात ती नुसती एक सावली दिसते. डोळ्यात चमक यायला बाजूने थोडा उजेड टाकावा लागतो. कानातला पिवळा बिल्ला मात्र काढायचा नाही. जुन्या काळातली गोष्ट असेल तर बिल्ल्याचा कान पलीकडे राहील अशी बाजू धरावी, आणि जादा शेळी घेताना तिचा बिल्ला कुठल्या कानात आहे तेही बघावं.

जादा शेळी का लागते, याचं कारण बहुतेकांना ठाऊक नसतं. साधारण तीन आठवड्यांनी शेळी माजावर येते आणि एक-दीड दिवस अखंड ओरडते, शेपूट हलवते, कुणाचं ऐकत नाही. तारखा ठरवताना मावशीला एवढं विचारलं की पुढचा माज कधी, तर ती बोटांवर मोजून सांगते. गाभण असेल तर तेही तिलाच माहीत. शेवटचे दोन महिने चालण्या-पळण्याची दृश्यं नकोत. दोन्ही शेळ्या एकाच कळपातल्या असाव्यात, नाहीतर त्या आपसात टकरा घेण्यात सकाळ घालवतात.

पण दुसरी शेळीही बिथरू शकते, म्हणून खरा पर्यायी बेत पटकथेत लागतो. वरच्या प्रसंगात तो असा: शेळी दिसतच नाही. मुलगी दारात थांबली आहे, दावं तिच्या हातातून मागे ताणलेलं, मागून करडाचा आवाज, मुलगी वळत नाही. दावं सैल होतं. मुलगी निघते. कित्येकदा हाच प्रसंग मूळ बेतापेक्षा सरस निघतो. तो सुचण्यासाठी सेटवर फार दमलेला असतो माणूस. म्हणून तो आधीच लिहून शॉटच्या यादीत ठेवायचा. सोबत सुटे तुकडे: खुरं, हलणारा कान, चघळणारा जबडा, रिकामी खुंटी. आणि आधीच ठरवायचं की सहा टेकनंतर किंवा अर्ध्या तासानंतर, जे आधी होईल तेव्हा, दुसऱ्या बेताकडे वळायचं. "अजून एकदाच" हे वाक्य जनावरासमोर कधीच खरं ठरत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. २००१ च्या कायदेशीर नियमांनुसार चित्रपटात जनावर वापरायचं तर प्राणी कल्याण मंडळाकडे आधी नोंदणी आणि परवानगी लागते, सोबत पशुवैद्यकाचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. जनावराला गुंगीचं औषध देणं या नियमांत वर्ज्य आहे, त्यामुळे "मेलेली शेळी" दाखवायला तिला झोपवण्याची कल्पना पटकथेतच खोडावी. चित्रीकरण झाल्यावर परवानगी मागत बसणं म्हणजे महोत्सवाच्या आदल्या आठवड्यात डोकेदुखी. माकड, अस्वल, वाघ, बिबट्या, सिंह यांचं प्रदर्शन आणि त्यासाठीचं प्रशिक्षण १९९८ पासून बंद आहे. दारावर येणारा मदारी पटकथेत सहज लिहिला जातो, पण त्याच्या हातातलं माकड चित्रीत करता येत नाही. पिंजऱ्यातला हिरवा पोपटही वन्यजीव कायद्यात येतो.

पैसे त्याच संध्याकाळी, रोख, मावशीच्या हातात द्यावेत. घरातल्या पुरुषाच्या नाही. आणि जादा शेळीचं भाडं मुख्य शेळीएवढंच. ती दिवसभर सावलीत बसून रवंथ करत असली आणि एकाही शॉटमध्ये नसली तरी तिच्या मालकिणीचाही तो दिवस गेलेला असतो, आणि पुढच्या वेळी शेळी मागायला त्याच दारात जायचं असतं.